आत्मकथनातील मराठी आणि ‘भूमिका’तील हिंदुस्थानी

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (1977) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे कथन 1970 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीचा परिसर, कलावंतीण परंपरेतील घराणे, आणि मुंबई-पुण्याच्या चित्रसृष्टीतील 1930 नंतरची दोन-तीन दशके हे या कथनाचे विश्व होय. चित्रपटातील पात्रे मात्र हिंदुस्थानीत बोलतात. त्यांचे संवाद सत्यदेव दुबे यांनी लिहिले. दुबे मूळचे बिलासपूरचे. मुंबईच्या हिंदी व मराठी रंगभूमीशी त्यांचा निकटचा संबंध होता.

दुबे यांनीच संवाद लिहिलेल्या ‘अंकुर’मध्ये (1974) दख्खनी वळणाची बोली आहे आणि ती त्या तेलंगणी मुलखातली आहे. ‘भूमिका’त अशी सोय नव्हती. कोकणातील आई व मुलगी घरात ज्या भाषेत भांडतील, ती हिंदुस्थानी नव्हे. येथे हिंदुस्थानी मराठीच्या जागी उभी आहे. त्यामुळे काळाशी आणि माणसांशी इमान राखण्याचा प्रश्न कोशातील शब्दांपुरता राहत नाही. कोणता शब्द ऐकणाऱ्याला कोणत्या मुलखात व कोणत्या वर्गात नेऊन ठेवतो, हे पाहावे लागते.

मराठीतून हिंदुस्थानीत जाताना पहिला धोका परिचित शब्दांचाच असतो. मराठीने फारसी-अरबी शब्द मुबलक घेतले, परंतु त्यांचे अर्थ पुष्कळदा वेगळ्या वाटेने गेले. आपली ‘शिकस्त’ म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा; उर्दूतील ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. आपली ‘हरकत’ म्हणजे आक्षेप. तिकडची ‘हरकत’ म्हणजे कृती, बहुधा अनुचित. संस्कृत शब्दांचेही तसेच. मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते, आणि ‘संसार’ म्हणजे जग.

उदाहरणादाखल रचलेले एक वाक्य घेता येईल. पत्नी पतीला म्हणते: “तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण या संसाराचा आता कंटाळा आला आहे.” संस्कृतकडे झुकलेले रूपांतर असे होईल: “आपके विरुद्ध मेरा कोई आरोप नहीं, परंतु इस संसार से मुझे विरक्ति हो गई है.” येथे त्रासलेली गृहिणी नाहीशी होऊन संन्यासिनी बोलू लागते. उर्दूकडे झुकलेले रूपांतर असे: “आपसे कोई गिला नहीं, मगर इस ख़ानादारी से दिल बेज़ार है.” ही स्त्री लखनौच्या कोठीतील वाटते. रोजच्या हिंदुस्थानीत तीच गोष्ट अशी येते: “आपसे कोई शिकायत नहीं, लेकिन इस घर से अब जी ऊब गया है.”

या तिसऱ्या वाक्यातील ‘शिकायत’ आणि ‘लेकिन’ हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ‘घर’, ‘जी’, ‘ऊबना’ हे तद्भव. समतोल साधला तो हिंदी व उर्दू शब्दांची समसमान वाटणी केल्याने नव्हे. वाक्याचा कणा दोन्ही परंपरांना समाईक असलेल्या तद्भव शब्दांचा आहे आणि परके शब्द रुळलेले तेवढेच आहेत. तत्सम जोडाक्षरांची गर्दी झाली किंवा ‘दर्द-ए-दिल’सारखा इज़ाफ़तीचा समास आला, की संवाद लेखी झाल्याचे ओळखावे. स्टुडिओतील बोलण्याची खूण याहून सोपी आहे. तेथे ‘निर्देशक’ आणि ‘अभिनेत्री’ यांपेक्षा ‘डायरेक्टर’ आणि ‘हीरोइन’ अधिक खरे वाटतात.

पण किंमतही मोजावी लागते. ‘घर’ हे स्थळ आहे. ‘संसार’ या शब्दातील वर्षानुवर्षांची ओढाताण त्यात नाही. ती अभिनयाने आणि दृश्याने भरून काढावी लागते. बोलीची हानी याहून मोठी आहे. सावंतवाडीच्या घरातील मालवणी वळणासाठी हिंदी चित्रपटाचा रूढ ग्रामीण साचा, म्हणजे अवधी-भोजपुरीची छटा, वापरली तर कोकणातले गाव गंगेकाठी जाईल. साधी खडी बोली ही चूक टाळते, परंतु आजी, आई आणि मुंबईत वाढलेली मुलगी यांच्या भाषेतील अंतर पुसट करते.

या संदर्भात चित्रपटातील चित्रपटांचे महत्त्व ध्यानात येते. नायिका नटी असल्याने तिच्या काळातील चित्रपटांची अनुकरणे कथेतच येतात आणि अलंकृत, नाटकी बोलण्याला तेथे हक्काची जागा मिळते. त्या पार्श्वभूमीवर घरातील बोलणे अधिक साधे ऐकू येते. रेडिओवरील बातम्या काळाची खूण पटवतात, म्हणून पात्रांच्या तोंडी जुनाट शब्द घालून काळ सुचवण्याची गरजही कमी होते.

शीर्षकाचा बदलही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘सांगत्ये ऐका’मध्ये स्त्रीलिंगी क्रियापद आणि समोरच्याला घातलेली साद आहे. ‘भूमिका’ हा मराठी-हिंदीला समाईक तत्सम शब्द. त्यात बोलणारी बाई नाही, तिने वठवलेली पात्रे आहेत. संवादांत टाळलेला तत्समपणा शीर्षकात स्वीकारला गेला आहे. आत्मकथनात स्वतः सांगणारी स्त्री चित्रपटात इतरांच्या नजरेसमोर येते, हे त्या एका शब्दाने मान्य केले आहे.