चिकुनगुन्या

चिकुनगुन्या हा एडिस जातीच्या डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य आजार आहे. अचानक चढणारा ताप आणि तीव्र सांधेदुखी ही त्याची दोन प्रमुख लक्षणे होत. ताप साधारणतः आठवड्याभरात उतरतो. सांधेदुखी मात्र काही रुग्णांत अनेक महिने, क्वचित काही वर्षेही टिकते. डेंग्यूचा प्रसारही हेच डास करतात आणि दोन्ही आजारांच्या साथी बहुधा पावसाळ्यात व त्यानंतर येतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात डेंग्यूची शक्यता दूर करणे आणि तीन महिन्यांनंतरही उरलेल्या दुखण्याचे नेमके स्वरूप ठरवणे, हे या आजाराच्या उपचारातील दोन निर्णायक टप्पे मानले जातात.

## नाव आणि इतिहास

हा आजार १९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिकातील (आजचा टांझानिया) मकोंडे पठारावर प्रथम ओळखला गेला. तेथील मकोंडे भाषेत या नावाचा अर्थ ‘वाकून जाणे’ असा होतो; सांधे धरल्यामुळे कमरेत वाकलेल्या रुग्णाचे ते वर्णन आहे. भारतात १९६३ साली कोलकाता येथे आणि १९६४ साली चेन्नई येथे साथ आली. महाराष्ट्रात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके हा आजार देशात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये मोठ्या प्रमाणावर परतला.

## तीव्र अवस्था

डास चावल्यानंतर बहुधा तीन ते सात दिवसांनी लक्षणे सुरू होतात. ताप काही तासांतच १०२ ते १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. मनगटे, बोटांचे सांधे, घोटे आणि गुडघे दोन्ही बाजूंना सारखेच दुखू लागतात व अनेकदा सुजतात. अंगावर लालसर पुरळ उठू शकते. विषाणू रक्तात साधारणपणे पहिला आठवडाभर असतो. या काळात रुग्णाला चावलेला डास पुढे इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणून रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे, असे सांगितले जाते.

## डेंग्यूपासून वेगळेपण

चिकुनगुन्यात दुखण्याचा भर सांध्यांवर असतो व सांध्यांची सूज डोळ्यांना दिसते. डेंग्यूत स्नायू, पाठ आणि डोळ्यांच्या मागील भाग अधिक दुखतो. सांध्यांना सूज सहसा नसते. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागल्याने रक्त घट्ट होते. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, अस्वस्थपणा किंवा सुस्ती ही धोक्याची लक्षणे असून अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. प्लेटलेटची संख्या एक लाखाच्या खाली जाणे आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट वाढणे, हे डेंग्यूकडे निर्देश करते. चिकुनगुन्यात प्लेटलेट इतक्या क्वचितच घटतात.

रक्ततपासणीचा अर्थ तापाचा कितवा दिवस आहे यावर अवलंबून असतो. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस१ प्रतिजन आणि चिकुनगुन्यासाठी आरटी-पीसीआर या चाचण्या उपयुक्त ठरतात. आयजीएम प्रतिपिंडे बहुधा पाचव्या दिवसानंतरच सापडतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी नकारात्मक आली, तर त्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. एनएस१ नकारात्मक आल्यानेही डेंग्यूची शक्यता पूर्णपणे संपत नाही. शिवाय दोन्ही संसर्ग एकाच वेळी होऊ शकतात.

या भेदाचा थेट संबंध वेदनाशामकाशी आहे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवतात. सांधे असह्य दुखत असल्याने रुग्ण नेमकी हीच गोळी किंवा इंजेक्शन मागतो. डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत, तसेच ताप जाऊन ४८ तास उलटेपर्यंत व धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री होईपर्यंत, केवळ पॅरासिटामॉल, भरपूर द्रवपदार्थ आणि विश्रांती यांवर भर दिला जातो. तीव्र अवस्थेत स्टेरॉइड टाळतात. ती थांबवल्यावर दुखणे पुन्हा उसळू शकते.

## दीर्घकालीन संधिवात

तीन आठवड्यांपर्यंतचा काळ तीव्र, तीन आठवडे ते तीन महिने हा मधला आणि त्यापुढचा दीर्घकालीन मानतात. वय अधिक असणे, स्त्री असणे, सुरुवातीचे दुखणे तीव्र असणे आणि आधीपासून सांध्यांचा विकार असणे, या गोष्टींमुळे दुखणे लांबण्याची शक्यता वाढते. या अवस्थेत रुग्णापासून डासांमार्फत इतरांना संसर्ग होत नाही. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नसतो.

तीन महिन्यांनंतर, सांध्यात दाह अजून आहे का, हा पहिला प्रश्न असतो. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, हालचालीने कमी होणारे दुखणे, सूज आणि वाढलेले सीआरपी ही दाहाची चिन्हे होत. दाह नसेल, तर झिजेचे जुने दुखणे वा स्नायुबंधांची सूज यांचा विचार करून वेदनाशामके व व्यायामावर भर देतात. दाह असेल, तर आमवाताची शक्यता तपासावी लागते. चिकुनगुन्यानंतरच्या संधिवातात अँटी-सीसीपी चाचणी बहुधा नकारात्मक असते आणि क्ष-किरण चित्रात हाडांची झीज सहसा दिसत नाही.

दाह टिकून राहिल्यास संधिवाततज्ज्ञ हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन किंवा मेथोट्रेक्सेट वापरतात. केरळमधील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या अभ्यासात या तिन्हींचा एकत्रित वापर केवळ हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपेक्षा अधिक परिणामकारक आढळला. मात्र कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास रक्तपेशींची निर्मिती खुंटून जीवघेणा परिणाम होऊ शकतो. गर्भावस्थेत ते वर्ज्य आहे. सुरू करण्यापूर्वी यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी, कावीळ ब आणि क्षयरोग यांची तपासणी करतात.

## नमुनादाखल रुग्णस्थिती

५२ वर्षांच्या एका काल्पनिक गृहिणीस १०३ अंश ताप येतो व मनगटे आणि घोटे सुजतात. दुसऱ्या दिवशी एनएस१ नकारात्मक, प्लेटलेट १,६०,००० येतात. चित्र चिकुनगुन्याचे दिसत असूनही डॉक्टर केवळ पॅरासिटामॉल देतात आणि रोज रक्ततपासणी करतात. चौथ्या दिवशी ताप उतरतो. प्लेटलेट १,४५,००० असतात आणि हिमॅटोक्रिट वाढलेले नसते. सातव्या दिवशी चिकुनगुन्याचे आयजीएम सकारात्मक, डेंग्यूचे नकारात्मक येते. त्यानंतरच, मूत्रपिंड व जठराची स्थिती पाहून, नॅप्रोक्सेन दोन आठवडे दिले जाते. चौथ्या महिन्यातही सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, कणीक मळता येत नाही आणि मनगटे सुजलेली असतात. अँटी-सीसीपी नकारात्मक व क्ष-किरण चित्र स्वच्छ असते. हा चिकुनगुन्यानंतरचा दाहयुक्त संधिवात ठरतो. तज्ज्ञ दर रविवारी मेथोट्रेक्सेट आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्ल लिहून देतात, तसेच कोमट पाण्यात बोटे व मनगटे हळूहळू हलवण्याचा व्यायाम सांगतात. औषधाचा परिणाम दिसण्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्याआधी गुण नाही म्हणून ते सोडणे ही नेहमी होणारी चूक आहे.