‘गोळ्या घेताय ना?’

आमच्या नर्सिंगच्या वर्गात फोन-फॉलोअपचा सराव सुरू झाला की मी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवते. एकीवर नर्स, दुसरीवर पेशंट. एकमेकींचा चेहरा दिसता कामा नये, कारण फोनवर तो दिसत नाही. दर वर्षी नर्स झालेल्या मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काकू, गोळ्या घेताय ना?’ आणि काकूंचं उत्तरही ठरलेलं, ‘हो.’ त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरची बाई वयानं मोठी, भिडस्त, त्यात सिस्टरनं आपल्यासाठी आवर्जून फोन केलेला. ती नाही कशाला म्हणेल?

दीर्घ आजाराच्या पेशंटला दुरून विचारपूस करण्याची ही पद्धत आता टेलिहेल्थ या नावानं अभ्यासक्रमात आली आहे आणि मुलींना वाटतं, ती मोबाइलबरोबर जन्मली. तिचा माग काढत गेलं तर आपण १८७९ सालापर्यंत जातो. बेलच्या टेलिफोनला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्या वर्षी एक किस्सा छापून आला. मध्यरात्री एका घरातून डॉक्टरांना फोन आला, बाळाला घटसर्पासारखा भयंकर खोकला झालाय असं घरच्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी बाळाला फोनजवळ धरायला सांगितलं, खोकला ऐकला, तो घाबरण्यासारखा नाही असं सांगितलं आणि ते झोपायला गेले. तारेवरून पहिल्यांदा गेला तो आवाज. त्यात आकडा नव्हता, तपासणी नव्हती. होता तो ऐकणारा कान, आणि नेमकं काय ऐकवायचं हे सांगणारा माणूस.

आकडा आला १९०५ मध्ये. हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेनचं हृदयाचे विद्युत्प्रवाह टिपणारं यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचं होतं. ते इस्पितळात नेणं अशक्य, आणि पेशंटला प्रयोगशाळेत आणणं अवघड. मग त्यानं पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवले आणि दीड किलोमीटर लांबीची टेलिफोनची तार मधे घातली. हृदयाचा आलेख पेशंटला सोडून एकटाच प्रवासाला निघाला. पुढे बॉस्टनच्या विमानतळावर कॅमेरे आले, भारतात इस्रोचे उपग्रह आले. त्या सगळ्यावर वेळ घालवत नाही, कारण त्यांचा भर आजच्या तपासणीवर होता. दीर्घ आजाराचं कोडं वेगळं असतं. तिथं निदान कधीच झालेलं असतं. प्रश्न असतो तो दोन भेटींच्या मधल्या दिवसांचा.

त्या मधल्या दिवसांकडे नीट पाहिलं गेलं ते हार्ट फेल्युअरमुळे. हृदयाचा पंप कमजोर झाला की शरीरात पाणी साठतं, पेशंट दवाखान्यात येतो, पाणी उतरवून घरी जातो आणि महिन्याभरात पुन्हा दारात हजर. अमेरिकेत सेंट लुईसला १९९५ मध्ये सत्तरीपुढच्या २८२ पेशंटांवर एक अभ्यास झाला. त्यात निम्म्यांना नर्सनं शिकवलं, औषधांची उजळणी करून घेतली, घरी भेट दिली, फोन केले. त्यांचं परत दाखल होणं कमी झालं. दहा वर्षांनी अर्जेंटिनात ‘डायल’ नावाचा मोठा अभ्यास झाला. १५१८ पेशंट, एकाच केंद्रावरून बोलणाऱ्या प्रशिक्षित नर्स. फोन सुरुवातीला दर चौदा दिवसांनी, नंतर प्रकृतीनुसार लांबवत किंवा जवळ आणत. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरनं दाखल होणं, हे दोन्ही मिळून नेहमीच्या गटात ३१ टक्के होतं, फोनच्या गटात २६ टक्क्यांच्या आसपास. हा फरक मुख्यतः दाखल होण्यातला, मृत्यूतला नव्हे, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. मला त्याहून बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. फोन थांबल्यावरही तीन वर्षांपर्यंत त्या पेशंटांचं दाखल होणं कमीच राहिलं. म्हणजे फोनबरोबर काहीतरी त्यांच्या घरात राहून गेलं होतं.

मग कुणाच्याही मनात येईल तेच झालं. नर्स महाग, यंत्र स्वस्त, तर प्रश्न यंत्रानंच विचारू देत. ‘टेली-एचएफ’ या अमेरिकन अभ्यासात १६५३ पेशंटांपैकी निम्म्यांनी रोज एका नंबरावर फोन लावायचा, यंत्राचा आवाज प्रश्न विचारणार, वजन आणि लक्षणं बटणं दाबून कळवायची. २०१० मध्ये निकाल आला. परत दाखल होणं किंवा मृत्यू, दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, बावन्न टक्क्यांच्या आसपास. या निकालाच्या पोटात दोन तपशील आहेत. १४ टक्के पेशंटांनी त्या नंबरावर एकदाही फोन लावला नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून किमान तीनदा लावणारे उरले ५५ टक्के. शिवाय आलेली उत्तरं दवाखान्यातली माणसं सुट्टीखेरीजच्या दिवशी बघत. शनिवारी वाढलेलं वजन सोमवारपर्यंत थांबणार.

म्हणून यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जर्मनीत २०१८ मध्ये १५७१ पेशंटांचा अभ्यास झाला. घरी वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, ईसीजी, आणि दुसऱ्या टोकाला चोवीस तास जागे डॉक्टर व नर्स, दर महिन्याला नर्सचा ठरलेला फोन. मृत्यूमुळे किंवा हृदयाच्या तक्रारीनं अचानक दाखल झाल्यामुळे वाया गेलेले दिवस वर्षाला २४.२ वरून १७.८ वर आले. आलेला आकडा बघायचा कुणी, केव्हा, आणि बघून करायचं काय, हे तिथं आधीच ठरलेलं होतं. प्रोटोकॉल म्हणतात तो एवढाच.

आता वर्गासाठी रचलेली एक केस. साठीपुढच्या मावशी, तालुक्यापासून दूरच्या गावात राहणाऱ्या. हार्ट फेल्युअरसाठी दाखल होत्या, पाणी उतरल्यावर घरी गेल्या. जातानाचं वजन ५८.० किलो, याला आम्ही ‘कोरडं वजन’ म्हणतो. पुढचे सात दिवस नातीनं कळवलेलं वजन असं: ५८.३, ५८.५, ५८.९, ५९.२, ५९.५, ५९.८, ६०.१. पुष्कळ ठिकाणी नियम असतो की तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर धोक्याची सूचना द्या. इथं कुठलेही तीन दिवस घ्या, वाढ एका किलोपलीकडे जात नाही. संगणक गप्प. पण आठवड्यात दोन किलोंहून जास्त पाणी चढलंय. दाखल होण्याआधी वजन किमान आठवडाभर हळूहळू चढत असतं, हे २००७ मधल्या एका अभ्यासात दिसून आलंच होतं. म्हणून तुलना दोन ठिकाणी हवी, तीन दिवसांपूर्वीच्या आकड्याशी आणि कोरड्या वजनाशी. फॉर्ममध्ये कोरड्या वजनासाठी वेगळा रकाना नसेल आणि तो आकडा डिस्चार्जच्या कागदावरच्या परिच्छेदात पडून असेल, तर ही दुसरी तुलना कुठलाच संगणक करू शकत नाही. इन्फॉर्मॅटिक्स या भारदस्त शब्दाचा अर्थ मुलींना इथं कळतो. त्याच फॉर्ममध्ये रिकामा दिवसही नोंद म्हणून धरायला हवा. दोन दिवस वजन आलं नाही तर फोन नर्सनं करायचा.

सातव्या दिवशी फोन लागतो. आधी ओळख पटवायची, पूर्ण नाव, वय, गाव. फोन आपण केलेला असल्यामुळे बोलायला हरकत नाही ना, हेही विचारून नोंदवायचं. २०२० च्या भारतातल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्यानं संपर्क सुरू केला तर पेशंटची स्पष्ट संमती मागितली आहे. बोलतंय कोण, मावशी की सून, हेही लिहायचं. ‘बरं वाटतंय’ हे सुनेचं मत असेल तर ते सुनेच्या नावावर पडावं.

मग प्रश्न. ‘दम लागतो का?’ असं विचारलं तर मावशी म्हणतील, वयच झालंय आता. त्यापेक्षा, ‘रात्री डोक्याखाली किती उशा घेता?’

‘दोनच. पण परवापासून भिंतीला टेकून बसते गं, आडवं पडवत नाही.’

इथं नर्सची पेन्सिल थांबली पाहिजे. आडवं पडल्यावर दम लागणं आमच्या प्रोटोकॉलमध्ये पिवळ्या रंगात नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायच्या रकान्यात आहे. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, भोवळ असं काही असतं तर बोलणं तिथंच तोडून १०८. तसं नाही, तर पुढचा प्रश्न, आणि त्यात ‘ना’ नाही: ‘लघवीची गोळी पुष्कळांकडून कधीमधी राहते. तुमची गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली?’

थोडी शांतता. फोनवरची शांतता मुलींना सोसत नाही, त्या लगेच काहीतरी बोलून ती भरतात. तसं करायचं नाही. मनात पाचपर्यंत मोजायचं.

‘पुतणीचं लग्न होतं. एसटीत बसल्यावर लघवीला कुठं उतरणार? म्हणून नाही घेतली. मग राहिलीच.’

शेवटी, ‘दुसरं काही औषध मेडिकलमधून आणलंत?’ आणलं होतं. लग्नात उभं राहून गुडघे दुखले म्हणून वेदनाशामक गोळ्या, चार दिवस. त्यातल्या बऱ्याच गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवून धरतात. कोरड्या वजनावर चढलेल्या दोन किलोंचं कोडं इथं बऱ्यापैकी सुटतं.

अर्जेंटिनाच्या अभ्यासात नर्सना लघवीच्या गोळीचा डोस थोड्या काळापुरता बदलायची मुभा होती. आपल्याकडे नर्सला ती नाही, औषध डॉक्टरच ठरवणार. म्हणून डॉक्टरांना केलेला फोन नेमका हवा. त्याची घडण ‘एसबार’ म्हणून शिकवतात. ती मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतली: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. ‘सर, हार्ट फेल्युअरच्या मावशी, डिस्चार्जचा सातवा दिवस, दोन रात्री आडवं झोपवत नाही. वजन कोरड्या वजनापेक्षा २.१ किलो जास्त. लघवीची गोळी बंद आहे, चार दिवस वेदनाशामक घेतलंय. पाणी साठतंय असं वाटतं. आज संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात बघता येईल का?’ अर्ध्या मिनिटाच्या आत.

त्या संध्याकाळी मावशींना तपासलं. वेदनाशामक बंद, लघवीची गोळी रोज सकाळी एक, दहांचं नवं पाकीट, आणि दोन दिवसांनी मूत्रपिंड व पोटॅशियमसाठी रक्ततपासणी. मावशी घरी परतल्यावर नर्सनं पुन्हा फोन केला, पण ‘समजलं ना?’ विचारलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांचं मधुमेही पेशंटांशी होणारं बोलणं २००३ च्या एका अभ्यासात ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं. नवी सांगितलेली गोष्ट पेशंटला कळली का, याची खातरजमा डॉक्टर आठांत जेमतेम एकदा करत होते. म्हणून नर्सनं विचारलं, ‘मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. सूनबाईंना तुम्ही काय सांगाल, वजन उतरल्यावर पुन्हा किती झालं की मला फोन करायचा?’ मावशी म्हणाल्या, ‘एकोणसाठ.’ आकडा बरोबर होता, तो आम्हीच ठरवून दिलेला.

तीन दिवसांनी ठरलेला फोन. वजन ५८.७. झोप आडवी, दोन उशांवर. मग नर्स म्हणाली, ‘पाकीट आणा आणि उरलेल्या गोळ्या मला मोजून दाखवा.’ फोनमध्ये चप्पल ओढत जाण्याचा आवाज, मग पाकिटाच्या चांदीची चुरचुर, मग मोजणी. आठ. तीन सकाळी झाल्या होत्या, म्हणजे सात उरायला हव्या होत्या.

‘काल रक्त द्यायला तालुक्याला गेले होते की. एसटीनं.’

नर्सनं डॉक्टरांना विचारून घेतलं: प्रवासाच्या दिवशी गोळी घरी परतल्यावर दुपारी घेतली तरी चालेल. मावशींकडून ते परत म्हणवून घेतलं. मग नोंद केली: चुकलेले डोस १, कारण प्रवास. कारणासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.