खाण्याचा सोडा कितीही घातला तरी पाण्याचा पीएच 8.3 वरच का अडकतो?

एक लिटर पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, खाण्याचा सोडा विरघळवला, तर पीएच 8.3 च्या आसपास येतो. आता दहापट सोडा घाला, 50 ग्रॅम. पीएच किती वाढेल? बहुतेकांना वाटतं, एक अंकाने तरी वाढेलच. प्रत्यक्षात तो जवळपास तिथेच राहतो. ‘जास्त सोडा म्हणजे जास्त अल्कलाइन पाणी’ असं सांगणारे व्हिडिओ इथेच चुकतात.

कारण बायकार्बोनेट या आयनाच्या स्वभावात आहे. तो उभयधर्मी आहे, म्हणजे हायड्रोजन आयन घेऊही शकतो आणि देऊही शकतो. घेतला तर त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, दिला तर कार्बोनेट. पाण्यात मुख्यतः हा व्यवहार बायकार्बोनेटमध्ये आपापसातच चालतो, एक देतो आणि शेजारचा घेतो:

2HCO₃⁻ ⇌ H₂CO₃ + CO₃²⁻

म्हणजे जेवढं कार्बोनिक आम्ल तयार होतं, जवळजवळ तेवढंच कार्बोनेटही तयार होतं. सगळी गंमत या बरोबरीत आहे.

कार्बोनिक आम्ल आपले दोन हायड्रोजन आयन दोन टप्प्यांत सोडतं आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचा विचरण स्थिरांक असतो:

K₁ = [H⁺][HCO₃⁻] / [H₂CO₃]
K₂ = [H⁺][CO₃²⁻] / [HCO₃⁻]

या दोघांचा गुणाकार करा. बायकार्बोनेट वर-खाली कटतं. आम्ल आणि कार्बोनेट सारखेच असल्याने तेही कटतात. उरतं फक्त [H⁺]² = K₁K₂. लॉगॅरिदम घेतला की:

pH = (pK₁ + pK₂) / 2

25 अंश सेल्सिअसला pK₁ सुमारे 6.35 आणि pK₂ सुमारे 10.33 आहे. बेरीज 16.68, निम्मे 8.34. सोडा किती घातला हे या सूत्रात कुठेच येत नाही. एकाग्रता कटून गेली, म्हणून चमच्यांनी फरक पडत नाही.

परीक्षेत विद्यार्थी नेमके इथे घसरतात. बायकार्बोनेटला साधा दुर्बल आम्लारी समजून [OH⁻] = √(K_b × C) हे सूत्र लावतात. आपल्या 5 ग्रॅमच्या द्रावणाची एकाग्रता 5 ÷ 84, म्हणजे 0.06 मोल प्रति लिटर. त्यावरून उत्तर येतं 9.6 आणि 50 ग्रॅमला 10.1. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. या सूत्रात आयनाची फक्त घेणारी बाजू धरली आहे, देणारी सोडून दिली आहे.

सरासरी कोणत्या दोन स्थिरांकांची, हेही पाहावं लागतं. आयनाच्या दोन्ही बाजूंचे टप्पे घ्यायचे. फॉस्फोरिक आम्लाला तीन टप्पे आहेत: 2.15, 7.20 आणि 12.35. त्यातल्या NaH₂PO₄ साठी पहिले दोन घेतले की 4.7 येतं. तिन्हींची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

या सूत्राला मर्यादा आहेत. सोडा अगदीच नाममात्र असेल तर पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात येतात आणि पीएच 7 कडे सरकतो. उलट द्रावण फार दाट असेल तर आयन एकमेकांना ओढतात आणि मोजलेला पीएच 8.34 पेक्षा थोडा खालीच दिसतो. म्हणजे सोडा वाढवून आकडा वाढणं सोडा, तो किंचित उतरतो!

मग घरातल्या जुन्या द्रावणाचा पीएच कधीकधी 9 च्या वर का निघतो? कारण बरोबरी मोडलेली असते. तयार झालेलं कार्बोनिक आम्ल कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं आणि कार्बोनेट मागे उरतं. भांडं उघडं ठेवलं तर हे हळूहळू होतं, उकळलं तर झपाट्याने. भरपूर उकळल्यावर उरतो तो मुख्यतः धुण्याचा सोडा आणि आपल्या 5 ग्रॅमच्या द्रावणाचा पीएच 11 च्या आसपास पोचतो. तिथे सरासरीचं सूत्र लागू नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन साधारण 8.2 ला गुलाबी होऊ लागतं. ताज्या, थंड पाण्यात केलेल्या द्रावणात ते जेमतेम फिकट गुलाबी दिसतं. तेच द्रावण दहा-पंधरा मिनिटं उकळून, थंड करून पुन्हा थेंब टाकला तर रंग गडद येतो. पाण्याची अल्कता तपासणारे लोक कार्बोनेटमध्ये आम्ल टाकत जातात आणि हा गुलाबी रंग गेला की पहिला आकडा टिपतात. तो टप्पा पीएच 8.3 चा असतो, कारण त्या क्षणी सगळं कार्बोनेट बायकार्बोनेट झालेलं असतं.