संशोधन प्रस्तावाचा एकपानी सारांश : उद्दिष्टे, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक यांचे प्रमाण कसे राखावे

संशोधन अनुदानाच्या अनेक योजनांमध्ये सविस्तर प्रस्तावासोबत एका पानाचा सारांश मागितला जातो. निधी देणाऱ्या समितीसमोर एकाच बैठकीत अनेक प्रस्ताव असतात. सविस्तर प्रस्ताव विषयतज्ज्ञ वाचतात, पण चर्चेच्या वेळी बहुतेक सदस्यांसमोर हे एक पानच असते. हे पान कसे तयार करावे, हे या लेखात एका उदाहरणातून समजावून दिले आहे. महाविद्यालयीन शिक्षक, विद्यापीठातील संशोधक आणि संशोधन करणाऱ्या नोंदणीकृत संस्था यांना त्याचा उपयोग होईल.

मूळ अडचण कोठे असते?

सविस्तर प्रस्तावात पाने ज्या प्रमाणात वाटलेली असतात, त्या प्रमाणात पैसा आणि वेळ वाटलेला नसतो. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला आठ-नऊ पाने लागतात, पण त्यावर खर्च शून्य असतो. याउलट ज्या कामावर निम्मा निधी जाणार असतो, ते कधी कधी एकाच पानात आटोपलेले असते. अर्जदार प्रत्येक प्रकरणातून थोडे थोडे कमी करत सारांश तयार करतो, तेव्हा हे विषम प्रमाण जसेच्या तसे एका पानात उतरते. मग समितीला पैसा एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे दिसतो आणि पहिला प्रश्न तेथेच येतो.

म्हणून सारांश पानांवरून करू नये. प्रत्येक उद्दिष्टाला किती रुपये आणि किती महिने लागणार आहेत, हे आधी मांडावे आणि त्यानुसार ओळी वाटाव्यात.

उदाहरण : पिण्याच्या पाण्यातील फ्लोराईड

भूजलातील जादा फ्लोराईडची समस्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत, तसेच तेलंगणातील नलगोंडा आणि राजस्थानातील नागौर भागांत परिचित आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईडचे स्वीकार्य प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकाने तीन वर्षांचा, २२ पानांचा प्रस्ताव तयार केला आहे. त्यात पाच उद्दिष्टे आहेत :

१. तालुक्यातील ६० विहिरी व हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराईड मोजणे.
२. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होणारा फरक पाहणे.
३. खडकाचा प्रकार व स्रोताची खोली यांच्याशी संबंध तपासणे.
४. सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या घरगुती गाळण्यांची २० घरांत बारा महिने चाचणी घेणे.
५. निष्कर्ष ग्रामपंचायतींना कळवणे.

पायरी १ : उद्दिष्टे कामानुसार एकत्र करा

पहिले आणि दुसरे उद्दिष्ट एकाच नमुन्यांतून पूर्ण होते. ६० स्रोतांचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर, असे दोन वर्षे घेतले की २४० चाचण्या होतात आणि दोन्ही उत्तरे मिळतात. त्यामुळे एका पानावर ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वाक्यात लिहिता येतात.

उद्दिष्ट एकत्र करणे आणि वगळणे यांत फरक आहे. केवळ जागा नाही म्हणून पाचवे उद्दिष्ट सारांशातून काढले, पण त्याचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात राहिला, तर तो खर्च कशासाठी हे वाचणाऱ्याला कळत नाही. एखादे उद्दिष्ट काढायचे असेल तर त्याचे पैसे आणि महिनेही काढावेत, आणि तोच बदल सविस्तर प्रस्तावातही करावा.

पायरी २ : खर्च उद्दिष्टांवर वाटून पाहा

अंदाजपत्रक नेहमी खर्चशीर्षांनुसार मांडलेले असते : मनुष्यबळ, उपकरण, रसायने, प्रवास इत्यादी. कोणत्या उद्दिष्टाला किती पैसे लागतात, हे त्यावरून दिसत नाही. त्यासाठी एक कच्चा तक्ता करावा. हा तक्ता फक्त आपल्यासाठी असतो, तो सादर करायचा नसतो.

आपल्या उदाहरणात प्रकल्प सहायकाच्या मानधनाचे ९.९० लाख, उपकरणाचे ३ लाख, रसायने व गाळण्यांचे ३.६० लाख आणि प्रवासाचे ३ लाख, असे एकूण १९.५० लाख रुपये थेट कामावर खर्च होतात. सहायकाचे महिने, चाचण्यांची संख्या आणि गावांच्या फेऱ्या यांवरून वाटणी केल्यास पुढील चित्र दिसते :

| काम | लाख रुपये | हिस्सा |
|---|---|---|
| स्रोतांचे व हंगामी मापन (२४० चाचण्या) | ७.७० | ३९ टक्के |
| खडक व खोलीशी संबंध | १.५० | ८ टक्के |
| गाळण्यांची चाचणी (४८० चाचण्या) | ९.५० | ४९ टक्के |
| ग्रामपंचायतींना माहिती | ०.८० | ४ टक्के |

गाळण्यांच्या चाचणीत २० घरांत दरमहा गाळण्यापूर्वीचे एक व नंतरचे एक, असे दोन नमुने बारा महिने तपासायचे आहेत. म्हणून तेथे ४८० चाचण्या होतात. मापनाच्या दुप्पट काम येथे आहे, तरी २२ पानांत त्याला एकच पान मिळाले आहे. तक्ता केल्याशिवाय ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

पायरी ३ : ओळी वाटा

नेहमीच्या अक्षर-आकारात ए-फोर पानावर साधारण ४० ओळी बसतात. त्यांची एक उपयुक्त वाटणी अशी : शीर्षक व संशोधकाचे नाव ४, समस्या ५, उद्दिष्टे व पद्धत १६, वेळापत्रक ६, अंदाजपत्रक ७ आणि अपेक्षित फलित २.

उद्दिष्टांच्या १६ ओळी वरील हिश्शांनुसार द्याव्यात : गाळण्यांच्या चाचणीला ८, मापनाला ६ आणि उरलेल्या दोन कामांना प्रत्येकी १. पूर्वसंशोधनाचा आढावा समस्येच्या ५ ओळींतच मावला पाहिजे. आधी काय माहीत आहे आणि नेमके काय माहीत नाही, एवढेच तेथे लिहावे.

गाळण्यांबद्दल पहिल्या मसुद्यात असे वाक्य होते : ‘घरगुती गाळण्यांच्या उपयुक्ततेचा अभ्यास केला जाईल.’ साडेनऊ लाख रुपयांच्या कामाला हे वाक्य पुरत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल :

> ‘फ्लोराईड १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळलेल्या स्रोतांचे पाणी वापरणाऱ्या २० घरांत सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या गाळण्या बसवल्या जातील. दरमहा गाळण्यापूर्वीचे व नंतरचे पाणी तपासले जाईल. वापरानुसार अ‍ॅल्युमिनाची शोषणक्षमता घटते. किती लिटर पाण्यानंतर गाळलेल्या पाण्यातील फ्लोराईड पुन्हा १.५ च्या वर जाते आणि पुनरुज्जीवनाची प्रक्रिया घरातील व्यक्ती स्वतः करू शकतात का, या दोन प्रश्नांची उत्तरे बारा महिन्यांत मिळतील.’

यात घरांची संख्या, निवडीचा निकष, चाचणीची वारंवारता आणि अपेक्षित उत्तर आले आहे. समितीला खर्चाचे कारण वेगळे विचारावे लागत नाही.

पायरी ४ : वेळापत्रक अंदाजपत्रकाशी ताडून पाहा

वेळापत्रकात तारखांऐवजी ‘महिना १, महिना २’ असे लिहावे, कारण मंजुरी कधी मिळेल हे अर्ज करताना ठरलेले नसते. काम ऑक्टोबरमध्ये सुरू होईल असे धरल्यास वेळापत्रक असे होईल :

- महिना १–६ : सहायकाची नियुक्ती (महिना ३ अखेर), उपकरण खरेदी, स्रोतांची निवड
- महिना ७–८, १३–१४, १९–२० आणि २५–२६ : नमुन्यांच्या चार फेऱ्या
- महिना १५–१७ : घरांची निवड, गाळण्या बसवणे
- महिना १८–२९ : गाळण्यांची चाचणी
- महिना ३०–३६ : विश्लेषण, अहवाल, ग्रामपंचायतींना माहिती

आता मनुष्यबळाची ओळ पाहा. पहिल्या मसुद्यात दरमहा ३०,००० रुपयांप्रमाणे ३६ महिन्यांचे मानधन धरले होते. वेळापत्रकानुसार मात्र सहायक तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस रुजू होणार आहे, म्हणजे तो ३३ महिनेच काम करेल. ९०,००० रुपये जास्त मागितले गेले होते. २२ पानांत ही विसंगती झाकून जाते, एका पानावर दोन्ही आकडे शेजारी येतात.

हंगामाचीही तपासणी करावी. मंजुरी ऑक्टोबरऐवजी जूनमध्ये मिळाली, तर उपकरण येईपर्यंत पावसाळ्यानंतरची फेरी हातची जाते आणि पहिले नमुने थेट अकराव्या महिन्यात घेता येतात. पुढचे प्रत्येक काम चार महिने सरकते आणि अहवालासाठी सातऐवजी तीनच महिने उरतात. म्हणून वेळापत्रकाखाली ‘पहिली फेरी मंजुरीनंतरच्या सोयीच्या पहिल्या एप्रिल–मेमध्ये’ अशी एक ओळ जरूर द्यावी.

पायरी ५ : अंदाजपत्रक सात ओळींत बसवा

नुसती एकूण रक्कम देऊ नये. खर्चशीर्षे आणि वर्षनिहाय बेरीज दोन्ही द्यावी :

> अनावर्ती : उपकरण ३.०० लाख
> आवर्ती : मनुष्यबळ ९.९० (३३ महिने), रसायने व गाळण्या ३.६०, प्रवास ३.००, आकस्मिक खर्च १.५० लाख
> संस्था खर्च : २.१० लाख
> एकूण : २३.१० लाख
> वर्ष १ : ८.४७, वर्ष २ : ८.३६, वर्ष ३ : ६.२७ लाख

वर्षनिहाय आकडे महत्त्वाचे आहेत, कारण अनुदान सहसा हप्त्यांनी मिळते. पुढील हप्त्यासाठी आधीच्या खर्चाचे विवरण आणि जीएफआर १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. पहिल्या वर्षी गरजेपेक्षा जास्त रक्कम मागितली आणि ती खर्च झाली नाही, तर पुढचा हप्ता लांबू शकतो. नेमक्या त्याच वेळी गाळण्या विकत घ्यायच्या असतात.

सादर करण्यापूर्वी तपासा

- सारांशातील प्रत्येक संख्या (घरे, स्रोत, चाचण्या, महिने) सविस्तर प्रस्तावाशी जुळते का?
- अंदाजपत्रकातील प्रत्येक शीर्षाचा उपयोग उद्दिष्टांच्या ओळींत दिसतो का?
- सर्वाधिक निधीच्या कामाला सर्वाधिक ओळी मिळाल्या आहेत का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एखादे काम स्वस्त पण वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचे असेल तर?*
खडक व खोलीचा संबंध तपासण्यास फक्त ८ टक्के निधी लागतो, कारण खोलीच्या बऱ्याच नोंदी आधीच उपलब्ध असतात. असे काम समस्येच्या परिच्छेदात प्रश्नरूपाने मांडावे. मग पद्धतीच्या भागात एक ओळ पुरते.

*अक्षरांचा आकार किंवा समास कमी करून जास्त मजकूर बसवावा का?*
नाही. योजनेने आकार ठरवून दिला असल्यास तसा सारांश नियमबाह्य ठरू शकतो.

*टीप :* उदाहरणातील प्रस्ताव व रकमा समजावण्यासाठी घेतल्या आहेत. मानधनाचे दर, संस्था खर्चाची मर्यादा व सारांशाचा नमुना प्रत्येक योजनेत वेगळा असतो. अर्ज करताना संबंधित योजनेच्या चालू मार्गदर्शक सूचना अंतिम मानाव्यात.