घड्याळ चुकले की संकेतस्थळे रुसतात

जुना लॅपटॉप बऱ्याच महिन्यांनी सुरू करावा आणि बँकेपासून ई-मेलपर्यंत प्रत्येक संकेतस्थळावर ब्राउझरने धोक्याचा इशारा द्यावा, हा अनुभव अनेकांना येतो. असा इशारा पाहिला की व्हायरसची शंका येते. परंतु दोष बहुधा लॅपटॉपच्या घड्याळात असतो.

सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र सादर करते. ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे, याच्या तारखा त्यावर नोंदविलेल्या असतात आणि ब्राउझर त्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. समजा, प्रमाणपत्र १० मार्च ते ८ जून २०२५ या काळासाठी आहे, प्रत्यक्षात २ मे २०२५ ही तारीख आहे, पण लॅपटॉप मात्र १ जानेवारी २०१० दाखवितो. अशा वेळी ब्राउझरच्या लेखी हे प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालेले नसते. क्रोममध्ये तेव्हा `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असा संकेत दिसतो. सर्वच संकेतस्थळे अडत असतील तर घड्याळ तपासावे. एकच अडत असेल तर दोष त्या संकेतस्थळाचा असण्याची शक्यता अधिक.

लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम बहुतेक जुन्या यंत्रांत मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल करतो. तो संपला की मुख्य बॅटरी व चार्जर दोन्ही नसताना घड्याळ थांबते आणि तारीख मूळ आकड्यावर परतते. तारीख दुरुस्त करून लॅपटॉप बंद करावा, चार्जर व काढता येणारी बॅटरी काही वेळ बाजूला ठेवावी आणि पुन्हा सुरू करावा. तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदलणे भाग आहे. काही मॉडेलांत तो वायरने जोडलेला असल्याने हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे सोपविणे बरे.

विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय असली, तरी घरगुती संगणकावर १५ तासांहून अधिक फरक असल्यास ती सामान्यतः दुरुस्ती नाकारते. म्हणून आधी तारीख, वर्ष आणि भारतीय प्रमाणवेळ हाताने भरावी, मगच जुळवणी करावी. त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

इशारा डावलून पुढे जाणे मात्र टाळावे. मागे पडलेल्या घड्याळाला मुदत संपलेले प्रमाणपत्रही वैध वाटू शकते. तारीख बरोबर असूनही इशारे थांबले नाहीत, तर प्रणालीतील मूळ प्रमाणपत्रे कालबाह्य झाली असण्याची शक्यता असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी `DST Root CA X3` या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या यंत्रांवर हेच घडले होते. तेथे घड्याळ नव्हे, तर प्रणाली अथवा ब्राउझर अद्ययावत करावा लागतो.