कव्हर्ड कॉल आणि प्रोटेक्टिव्ह पुट

हाती असलेल्या मालाची किंवा शेअरची जोखीम कमी करण्यासाठी ऑप्शन वापरण्याच्या दोन पद्धती. कॉल घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने खरेदीचा आणि पुट घेणाऱ्याला विक्रीचा हक्क मिळतो, बंधन नाही. या हक्कासाठी तो विकणाऱ्याला प्रीमियम देतो.

मुंबईच्या बाजारात हे व्यवहार ‘तेजी’ आणि ‘मंदी’ या नावांनी जुनेच आहेत. 1952 च्या वायदे व्यवहार कायद्यातील ऑप्शनच्या व्याख्येत हेच शब्द होते. पण ती व्याख्या बंदीसाठीच केली होती, कारण सरकारच्या लेखी हा सट्टा होता. शेअरवरची बंदी 1995 मध्ये उठली. मालाच्या बाबतीत 2017 मध्ये सोन्याने आणि जानेवारी 2018 मध्ये गवार बीने सुरुवात झाली.

समजा, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर पिकवलेली 50 क्विंटल हळद गोदामात आहे, भाव 14,000 रुपये क्विंटल आहे आणि हळदीवरचा ऑप्शन बाजारात मिळतो आहे. शेतकऱ्याने 13,500 चा पुट 400 रुपये प्रीमियमने घेतला. भाव 11,000 वर आला तरी पुटमधून 2,500 मिळतात आणि प्रीमियम वजा जाता हाती 13,100 राहतात. भाव 17,000 झाला तर पुट वाया जातो, पण 16,600 मिळतात. पिकाच्या विम्याचा हप्ता भरावा तसाच हा प्रकार.

कव्हर्ड कॉलमध्ये हाच शेतकरी 15,500 चा कॉल विकून 300 रुपये घेतो. भाव 17,000 झाला तरी त्याच्या पदरी 15,800 च पडतात. घसरणीत मात्र आधार फक्त त्या 300 रुपयांचा: 11,000 चा भाव त्याला 11,300 देतो. दलाल याला ‘सुरक्षित उत्पन्न’ म्हणून खपवतात, पण पुटशी याची बरोबरी नाही. दोन्ही एकत्र केले तर निव्वळ खर्च 100 रुपये होतो आणि मिळणारा भाव 13,400 ते 15,400 च्या मध्ये बांधला जातो.

कॉल ‘कव्हर्ड’ राहतो तो माल खरोखर हाती असेपर्यंतच. शेतात उभ्या पिकावर कॉल विकला आणि कंदकुजीने हळद गेली, तर तोच सौदा उघडा पडतो आणि तेजीत तोट्याला मर्यादा राहत नाही. म्हणून काढणी आणि वाळवणी होऊन वजन झाल्यावरच आणि तेवढ्याच क्विंटलचा कॉल विकावा. दुसरी अडचण रोखीची. भाव चढला की कॉल विकणाऱ्याकडे वाढीव मार्जिन मागितले जाते. गोदामात हळद असली तरी ते पैसे लगेच भरावे लागतात आणि न भरल्यास दलाल सौदा तोट्यात कापतो.

पुटचा हिशेब एक्सचेंजच्या भावावर होतो, हळद मात्र वसमत किंवा हिंगोलीच्या बाजार समितीत विकली जाते. स्थानिक भाव एक्सचेंजपेक्षा जास्त घसरला, किंवा माल करारातल्या प्रतीचा नसला, तर तेवढी तूट पुट भरून काढत नाही.