धनादेशाच्या स्थळप्रतींचे वाचन

धनादेश-पुस्तकातून धनादेश फाडल्यावर पुस्तकातच राहणाऱ्या अर्धुकाच्या, म्हणजे स्थळप्रतीच्या, छायाचित्रावरून धनादेशाचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम वाचून ती प्रदान-नोंदवहीत उतरविण्याची क्रिया. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तिचे महत्त्व ग्रामसभांच्या जमाखर्चामुळे वाढले. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातील गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हाती घेतला. पुढे इतर ग्रामसभाही बांबू व तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. हा पैसा बँकेच्या खात्यातून हिंडतो, धनादेश-पुस्तक गावात राहते, आणि हिशेब लिहिणारा पुष्कळदा तालुक्याच्या ठिकाणी असतो. अशा वेळी पुस्तकच वाहून नेण्यापेक्षा स्थळप्रतींची मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे पाठविणे सोयीचे ठरते.

छायाचित्रातील पहिले विघ्न पुस्तकाच्या शिवणीशी असते. स्थळप्रत शिवणीकडे वाकलेली असल्यामुळे डावीकडचा अंक सावलीत दडतो, आणि ज्या रकमेचा डावा अंक गेला ती रक्कम वाचणाऱ्याला अपूर्ण वाटतच नाही, ती केवळ लहान वाटते. म्हणून पुस्तक सपाट दाबून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशविना आणि स्थळप्रतीच्या चारही कडा दिसतील असे छायाचित्र घ्यावे.

क्रमांक सहा अंकी असतो. स्थळप्रतीवर तो छापलेला नसेल, तर मागच्या-पुढच्या प्रतींच्या क्रमावरून तो ठरवावा व तसा शेरा लिहावा. नोंदवही संगणकावर असेल, तर हा रकाना मजकुराचा ठेवणे आवश्यक आहे, कारण अंकांचा रकाना ००४५१७ मधील आरंभीची शून्ये गाळून ४५१७ एवढेच ठेवतो आणि बँकेच्या पासबुकाशी रुजुवात घेताना शोध फसतो.

खरी परीक्षा मात्र अंकांच्या लिपीची आहे. एकाच पुस्तकात एक सही करणारा देवनागरी अंक लिहितो, दुसरा इंग्रजी. आणि घाईने लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा, तर चार इंग्रजी आठासारखा दिसतो. समजा, ००४५१७ या क्रमांकाच्या स्थळप्रतीवर देवनागरीत चौदा हजार दोनशे पन्नास लिहिले आहेत, आणि वाचणाऱ्याने ते इंग्रजी समजून अठ्ठ्याण्णव हजारांच्या घरात नेले. स्थळप्रतीवर मागील शिल्लक ८२,३५० आणि धनादेश वजा जाता उरलेली शिल्लक ६८,१०० अशी नोंद असेल, तर दोहोंतील अंतर १४,२५० एवढेच येते, म्हणजे आकड्याची लिपी ठरते. शिवाय मागील शिलकीहून मोठी रक्कम त्या स्थळप्रतीच्या हिशेबात बसूच शकत नाही. शिलकीची जागा कोरी असेल, तर पासबुकात त्याच क्रमांकासमोर पडलेली रक्कम हाच निर्णायक दाखला होय. अक्षरी रक्कम धनादेशावर असते, स्थळप्रतीवर सहसा लिहिलेली नसते, म्हणून तिच्या भरवशावर राहता येत नाही.

तारखेत वर्ष पुष्कळदा नसते, आणि हाच चार-आठांचा घोळ दिवसाच्या व महिन्याच्या आकड्यांतही शिरतो. शेजारच्या स्थळप्रती येथे कामास येतात: आधीची ३० एप्रिलची आणि नंतरची ७ मेची असेल, तर मधली तारीख बहुधा ४ मे असते, ८ मे नव्हे. धनादेश क्रमाने फाडले नसतील, तर मात्र हा आधार कच्चा ठरतो.

नाव वाचताना वेगळी सावधगिरी लागते. आत्राम, मडावी, उईके ही आडनावे एकाच गावात अनेक घरांची असतात, तेव्हा नुसते आडनाव उतरविणे म्हणजे नोंद अर्धवट ठेवणे होय. वडिलांचे नाव नसल्यास ते हजेरीपटावरून घ्यावे. तेंदूच्या हंगामात ‘स्वतः’ असे लिहून काढलेली रोख मजुरीसाठी असते. अशा ठिकाणी घेणाऱ्याच्या रकान्यात ‘स्वतः’ हेच ठेवून हजेरीपटाचा हवाला शेऱ्यात द्यावा. जे वाचता येत नाही ते अंदाजाने भरू नये. रकाना कोरा ठेवून छायाचित्राचा क्रमांक लिहावा आणि पुस्तक गावातून आल्यावर तेवढीच नोंद पुरी करावी.

स्थळप्रत धनादेश काढल्याचा दाखला आहे, पैसे दिल्याचा नव्हे. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत त्याच्या तारखेपासून ३ महिने आहे. तेवढ्यात तो बँकेत न गेल्यास रक्कम खात्यातच राहते, नोंदवहीत मात्र खर्ची पडलेली दिसते. यासाठी ‘बँकेत वटल्याची तारीख’ असा वेगळा रकाना ठेवून तो पासबुकावरूनच भरावा. चुकलेल्या धनादेशाच्या स्थळप्रतीवर ‘रद्द’ लिहिलेले असले तरी ती नोंदवहीतून वगळू नये. शून्य रकमेने उतरवावी, म्हणजे क्रमांकांची साखळी तुटत नाही आणि पुढे तपासणाऱ्याला हरवलेला धनादेश व रद्द केलेला धनादेश यांत भेद करता येतो.